नवरदेवाच्या सगळ्यात जुन्या मित्राचे ‘दोन शब्द’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीचा. हौसेखातर लग्नांत, साखरपुड्यांत माईक हातात धरतो. त्यामुळे लगीनसराई आली की एक ठरावीक फोन येतो : “दादा, मित्राचं लग्न आहे, त्याची बहीण म्हणते तूच बोल. काय बोलू?” गेल्या वर्षी माझ्याच पहिलीपासूनच्या मित्राचं लग्न झालं आणि हा प्रश्न मलाही पडला. दुसऱ्याला सांगणं सोपं असतं, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून फोनवर जे सांगतो, ते इथे लिहून ठेवतोय.

टोस्ट म्हणजे नक्की काय करायचं असतं?

आमच्याकडे टोस्ट म्हटलं की चहात बुडवायचा. पण हल्ली पुण्या-मुंबईतून, परदेशातून आलेली भावंडं ‘तू टोस्ट दे’ असं सांगून मोकळी होतात. मूळ पद्धतीत मित्र उभा राहतो, थोडं बोलतो, शेवटी सगळे ग्लास उंचावतात आणि जोडप्याला शुभेच्छा देतात. आपल्याकडे याला ‘दोन शब्द’ म्हणायची सोय आधीपासून आहे. फक्त आपले दोन शब्द वीस मिनिटं चालतात, आणि इथे तीन मिनिटांच्या आत खाली बसायचं असतं. नवरदेवाचं कौतुक, थोडी चेष्टा, नवरीचं मनापासून स्वागत आणि सगळ्यांनी मिळून करायची एखादी कृती, एवढंच त्यात यावं. सत्काराचं भाषण नाही आणि आशीर्वादपर मनोगत तर नाहीच. आशीर्वाद द्यायला आपलं वय बसत नाही.

लग्नाच्या धावपळीत हे बोलायचं कधी?

अर्धं यश इथंच ठरतं, आणि बहुतेकांचं इथंच चुकतं.

मुहूर्ताच्या आधी बोलू नका. त्या वेळी स्टेजवर पाहुण्यांचे फेटे आणि नारळ चाललेले असतात, एखादे पुढारी ‘मला पुढच्या लग्नाला जायचंय’ म्हणत माईक घेतात, आणि गुरुजी घड्याळाकडे बघत असतात. त्यात आपण घुसलो तर गुरुजींपासून नवरीच्या मामापर्यंत सगळ्यांचा राग ओढवून घेऊ. अक्षता पडल्यावर तर विसराच. शेवटचं ‘सावधान’ पूर्ण व्हायच्या आत अर्धा मांडव जेवणाच्या हॉलकडे पळालेला असतो. संध्याकाळच्या रिसेप्शनला लोक पाकीट हातात घेऊन रांगेत उभे असतात. रांग थांबवून भाषण ऐकवणं ही त्यांना शिक्षा आहे.

माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे नवरा-नवरीची पंगत. तिथे दोन्ही घरची जवळची साठ-सत्तर माणसं बसलेली असतात. डीजे बंद असतो. रांगोळी घातलेली असते, घास भरवणं आणि उखाणे चाललेले असतात, आणि माणसं हसायच्या तयारीतच असतात. शेवटचा उखाणा झाला की उठायचं. उखाण्यांच्या आधी मात्र नको, कारण तो मान नवरा-नवरीचा.

या जागेचा आणखी एक फायदा मला प्रत्यक्ष बोलताना कळला. पंगतीत सगळ्यांचे उजवे हात खरकटे असतात, त्यामुळे टाळ्या वाजवता येत नाहीत आणि भाषण संपल्यावर अवघडल्यासारखी शांतता पसरते. डाव्या हाताने मठ्ठ्याचा ग्लास मात्र सगळ्यांना उचलता येतो. ग्लास उंचावायची ही परकी रीत आपल्या पंगतीत इतकी चपखल बसेल असं वाटलं नव्हतं.

बुफे असेल आणि वेगळी पंगत नसेल, तर आदल्या दिवशी हळद झाल्यावर रात्री घरची मंडळी निवांत बसतात ती वेळ धरा.

तीन मिनिटं म्हणजे किती शब्द?

घरी मोठ्याने वाचताना मराठीत मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द सहज जातात. म्हणून लोक पावणेचारशे शब्द लिहितात आणि पस्तावतात. माईकवर आपण हळू बोलतो. हॉल घुमत असेल तर वाक्य संपल्यावर थांबावं लागतं. आणि देवाच्या दयेने लोक हसलेच, तर तेवढा वेळ गप्प बसावं लागतं. हशा चालू असताना पुढचं वाक्य रेटलं तर ते कोणालाच ऐकू जात नाही. म्हणून अडीचशे ते पावणेतीनशे शब्द लिहा. मोबाईलवर वेळ लावून घरी उभं राहून वाचा. दोन मिनिटं दहा सेकंदांत संपलं, तर पंगतीत ते अडीच-पावणेतीन मिनिटं जाईल. घरीच तीन मिनिटं लागली, तर एक परिच्छेद काढा. भरभर बोलून वेळ भरून काढू, असा विचार करू नका.

सुरुवात ‘व्यासपीठावरील मान्यवर’ अशी करू का?

पंगतीत व्यासपीठ नसतं. नावं घ्यायला लागलात की चाळीस सेकंद त्यातच जातात, आणि एखाद्या आत्याचे यजमान राहून जातात. मग ती आत्या पुढची दहा वर्षं तुम्हाला ओळख देत नाही. ‘नमस्कार, जेवण चालू ठेवा’ एवढं पुरतं. लोक हसतात आणि सैल होतात. त्यानंतर आपण नवरदेवाचे कोण, ते एका वाक्यात सांगा, कारण नवरीकडच्यांना आपण कोण ते माहीत नसतं.

आठवणी शंभर आहेत. कोणती निवडू?

एकच निवडा. पाच आठवणींची यादी वाचलीत तर ती फक्त मित्रांना कळते. एक गोष्ट नीट सांगितली तर नवरीच्या आजीलाही कळते.

गोष्ट निवडताना मी एक पाहतो. नवरदेवाची अशी एखादी खोड शोधायची, जी लहान आहे, घरच्यांना माहीत आहे आणि जिच्यावर तो स्वतःही हसतो. उशिरा येणं, नको तिथे काटकसर करणं, रस्ता माहीत नसताना ‘मला माहीत आहे’ म्हणून गाडी दामटणं. मग त्याच खोडीशी जोडलेला असा एक प्रसंग आठवायचा, ज्यात तो माणूस म्हणून उजवा ठरला. खोडीवर लोक हसतात आणि प्रसंगावर गप्प होतात. हे दोन्ही एकाच धाग्यात आलं तर बाकी काही सजवावं लागत नाही. दोन वेगळ्या गोष्टी जोडल्या तर मात्र आधी विनोद आणि मग भाषण, असं चिकटवल्यासारखं वाटतं.

काय टाळायचं, तेही सांगतो. जुन्या प्रेमप्रकरणाचा दुरूनसुद्धा उल्लेख नको. ‘आज तुझं स्वातंत्र्य संपलं’, लाटणं, बळीचा बकरा हे विनोद नवरीच्या आईसमोर करून बघा, म्हणजे कळेल. देण्याघेण्यावर, नवरीच्या रंगावर, कोणाच्या पगारावर चकार शब्द नको. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : स्थळ जमताना दिलेला बायोडेटा एकदा मागून वाचा. त्यात ‘निर्व्यसनी’ लिहिलेलं असताना तुम्ही गोव्याची ट्रिप रंगवून सांगितलीत, तर तुमची तीन मिनिटं संपतील आणि त्याचे तीन महिने सुरू होतील.

एखादा पूर्ण नमुना मिळेल का?

माझाच देतो. मित्राचं टोपणनाव बदललंय, वहिनींचं नाव गाळलंय.

“नमस्कार. जेवण चालू ठेवा, मी कोणाला थांबवत नाही. मी बाळ्याचा पहिलीपासूनचा मित्र. म्हणजे वहिनी, तुमच्या नवऱ्याला मी तुमच्यापेक्षा बावीस वर्षं जास्त सोसलंय. त्यातली एकच गोष्ट सांगतो. बाकीच्या सांगू नकोस, असं काकूंनी बजावलंय.

बाळ्याचं घर सांगलवाडीत, आमचं गावभागात. मधे कृष्णामाई आणि आयर्विन पूल. सिनेमाला जायचं असो नाहीतर परीक्षेला, फोन केला की याचं उत्तर एकच : ‘आलोच की, पुलावर हाय!’ मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज येतोय, तरी हा पुलावर. कुकरची शिट्टी ऐकू येतेय, तरी पुलावर. एकदा मी यांच्या घरच्या लँडलाइनवर फोन केला. यानेच उचलला आणि म्हणाला, ‘आलोच की, पुलावर हाय!’

चार वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता माझ्या बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी बाळ्याला फोन केला. तो काही न बोलता फोन ठेवून मोकळा. पाच मिनिटांनी परत लावला, तर म्हणाला, ‘पुलावर आहे.’ मी आईला म्हटलं, झालं, आता हा अर्ध्या तासाने येणार. बाबांना धरून खाली आणतोय, तोवर दारात गाडीचे दिवे. अंगात बनियन, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. त्या रात्री तो खरंच पुलावर होता. मिरजेच्या दवाखान्यात सकाळपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिला. बाबा आज तिकडे तिसऱ्या पानावर बसलेत, आणि डॉक्टरांनी नको म्हटलेली जिलेबी दुसऱ्यांदा मागतायत.

वहिनी, दूध आणायला गेलेला हा ‘पुलावर आहे’ म्हणाला, तर चहा कोराच करा. पण खरी गरज असेल, तेव्हा तुम्ही चपला घालायच्या आत हा दारात असेल. आणि बाळ्या, साखरपुड्याला वहिनी दहा मिनिटं आधी आल्या होत्या. तू कुठे होतास, ते सगळ्यांना माहीत आहे. आता तरी सुधार.

मंडळी, उजवे हात खरकटे आहेत, टाळ्या नकोत. डाव्या हाताने मठ्ठ्याचा ग्लास उचला. वहिनी, बाळ्या, नांदा सौख्यभरे!”

पंगतीत याला दोन मिनिटं पन्नास सेकंद लागली. लँडलाइनच्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा झाला, आणि तिथे मी मनात चारपर्यंत मोजून थांबलो.

पहिल्या खर्ड्यातलं काय काढून टाकलं?

बरंच. पहिला खर्डा चारशे शब्दांच्या वर गेला होता. त्यात आयर्विन पूल 1929 साली खुला झाला, व्हाइसरॉयचं नाव त्याला दिलं, वगैरे होतं. सांगलीकरांना पूल माहीत आहे, आणि वहिनींकडच्या साताऱ्याच्या पाहुण्यांना पूल आहे एवढं कळलं की काम झालं. इतिहास गेला. शाळेतल्या सरांची नक्कल होती, ती ज्यांनी सर पाहिलेत त्यांच्याच कामाची. तीही गेली.

सगळ्यात जड गेलं ते पुढचं वाक्य काढणं : ‘2019 च्या पुरात पूल वाहतुकीला बंद होता, तरी हा पुलावरच होता!’ मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा या वाक्यावर सगळ्यात जास्त हसू आलं होतं. ते कापायला लावलं माझ्या आईने. ती म्हणाली, “पंगतीत सांगलवाडीची माणसं बसणार. कुणाच्या घरात किती पाणी होतं, तुला माहीत आहे का? आणि पलूसकडचे पाहुणे असले तर?” मी गप्प झालो. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. आयर्विनची पाणीपातळी किती फुटांवर गेली, हे आमच्याकडे पावसाळ्यात लोक तासातासाला विचारतात, आणि पंचेचाळीस फूट म्हणजे धोक्याची पातळी हे लहान पोरांनाही पाठ असतं. मित्रमंडळींत पुरावर विनोद चालतो, कारण कोणाचं काय गेलं ते आपल्याला माहीत असतं. पंगतीत साठ माणसांपैकी पन्नास जणांचं माहीत नसतं. पूल ठेवला आणि पूर काढला. विनोद एका पायरीने उतरला, पण कोणाच्या घशात घास अडकला नाही.

वहिनींना मी दोनदाच भेटलोय. त्यांच्याबद्दल काय बोलू?

जे दोन भेटींत स्वतः पाहिलंत तेच. ‘सुस्वभावी, सुसंस्कृत, लक्ष्मीच्या पावलांनी’ ही पत्रिकेची भाषा झाली, त्यातून त्यांची ओळख होत नाही. मी साखरपुड्याला त्या दहा मिनिटं आधी आलेल्या पाहिल्या होत्या. ती एक बारीक गोष्ट नवरदेवाच्या खोडीसमोर ठेवली आणि काम झालं. असं काही सापडत नसेल तर त्यांच्या भावाला फोन करा, तो दहा गोष्टी सांगेल.

दोन बारीक गोष्टी. लग्नात नाव बदलायची पद्धत काही घरांत अजून आहे, तेव्हा कोणत्या नावाने हाक मारायची ते आधी विचारून घ्या. आणि मित्राला अरे-तुरे करत असलात तरी वहिनींना ‘तुम्ही’ म्हणा. त्या तुमच्याच कॉलेजच्या असतील आणि तुम्ही त्यांना नावाने हाक मारत असाल, तर तीच हाक ठेवा. एकाएकी ‘अहो वहिनी’ सुरू केलंत तर त्यांनाच हसू आवरणार नाही.

पाठ करू, की कागद धरू? मोबाईल चालेल?

मोबाईल नको. ऐन वाक्यात केटरिंगवाल्याचा फोन येतो, किंवा स्क्रीन काळी होते आणि एका हातात माईक असताना अंगठ्याने लॉक उघडत बसावं लागतं. पूर्ण पाठ केलंत तर एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत पाच-सहा ओळी लिहा. आठवणीचे टप्पे आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं. माझ्या कार्डावर ‘बादली, कुकर, लँडलाइन, दीड वाजता, चपला, साखरपुडा, ग्लास’ एवढंच होतं.

माईकबद्दल साउंडवाल्याशी पंगत बसायच्या आधी बोला. कॉर्डलेसचे सेल मंगलाष्टकांतच संपलेले असतात, ते बदलून घ्या. स्पीकरच्या समोर उभं राहू नका, शिट्टी वाजते. माईक हनुवटीपासून चार बोटांवर धरा. आणि ‘हॅलो, हॅलो, चेक’ करू नका, त्याने लोकांची पाठ वळते.

बोलताना गळा भरून आला तर?

थांबा, मठ्ठ्याचा घोट घ्या, पुढे चला. माफी मागू नका. बाबांच्या वाक्याला माझा आवाज हलला होता, आणि कोणी काही म्हटलं नाही.

बाकीचे मित्र मधे ओरडले तर?

ओरडणारच. “गोव्याचं सांग की रं!” असा आवाज आला तर त्याला उत्तर देऊ नका, हसा आणि पुढचं वाक्य घ्या. उत्तर दिलंत की गप्पा सुरू होतात आणि तीन मिनिटं गेली. सगळ्यात दांडगट मित्राला आधीच कामाला लावणं हा माझा उपाय. मी त्याला म्हटलं, “मी ग्लास म्हटलं की सगळ्यात आधी तू उचलायचा.” तो बिचारा पूर्ण वेळ ग्लास धरून बसून होता.

आधी कोणाला दाखवू?

नवरदेवाला नाही, त्याच्या तोंडावरचं आश्चर्य लोकांना बघायचं असतं. त्याच्या बहिणीला दाखवा, घरातलं काय बोललेलं चालतं ते तिला सगळ्यात नीट कळतं. शिवाय एखाद्या पन्नाशीच्या पुढच्या बाईला वाचून दाखवा, जिला तुमच्या विनोदांचं काही कौतुक नाही. माझ्याकडे त्या कामाला आई आहे.

बोलून झाल्यावर वहिनींनीच काही उत्तर दिलं तर?

तर तुम्ही खाली बसा. मी माईक ठेवत होतो, तेवढ्यात वहिनी ताटावरून मान वर करून म्हणाल्या, “भावोजी, आजपासून ते पुलावर म्हणाले की मी लोकेशन मागणार.” माझ्या अडीच-तीन मिनिटांत आला नाही एवढा हशा त्या एका वाक्याला आला. बाळ्या जिलेबीकडे बघत बसला होता.